दोनच्या जागी तीन

त्या गुरुवारी सुचित्रा दादरच्या तिच्या कॉलेजातून थेट लालबागला माहेरी आली. आईने बांगडे आणले होते, हे एक कारण. दुसरं म्हणजे आदल्या रविवारी तिने बाबांना डिवचलं होतं, त्याचं पुढे काय झालं ते तिला बघायचं होतं.

"किती वर्षं तेच गणित, बाबा?" ती म्हणाली होती. "तुमच्या फळ्यावर काय उत्तर येणार ते पोरं जिन्यातच एकमेकांना सांगतात. आकडा तरी बदला."

"आकडा बदलायला तुझ्या बापाचं काय जातंय?"

"बापाचंच जातंय. माझ्या कॉलेजात येतात तुमची पोरं. 'शून्य, मॅडम' म्हणून मोकळी होतात. कसं आलं विचारलं की माझ्याकडे बघत बसतात."

रघुनाथ तुळसकर हसले होते. करी रोडच्या पुलापासून दोन मिनिटांवर, एका चाळीच्या पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांमधली भिंत पाडून त्यांनी क्लास काढला होता. खाली पिठाची गिरणी, वर कॅल्क्युलस. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला गणित घेतलेली लालबाग-परळची निम्मी पोरं त्यांच्या बाकांवरून उठून गेलेली. सुचित्राही तिथेच शिकली आणि आता तोच विषय कॉलेजात शिकवत होती. बापलेकीचं गणितावरून भांडण झालं नाही असा रविवार क्वचितच जायचा. पण ते भांडण पद्धतीवरून, पुस्तकावरून, पोरांना किती आयतं द्यायचं यावरून. उत्तरावरून कधी नाही. बाबांचं उत्तर चुकलेलं तिने पाहिलंच नव्हतं.

ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. बाबांनी तिला पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. फळ्यावर त्यांचं नेहमीचं गणित होतं: 2ⁿ · n! / nⁿ. n वाढत गेला तर ही पदं कुठे जातात? त्यांनी पोरांकडे पाहिलं. पुढच्या बाकावरून दोघांनी एकदम सांगितलं, "शून्याकडे, सर."

"अरे वा. पोट न फाडता निदान." त्यांनी डस्टर उचललं, दोन पुसला आणि तिथे तीन लिहिला. "आता सांगा."

वर्ग गप्प झाला. बाबांनी शेवटच्या बाकाकडे एक नजर टाकली. बघ, बदलला आकडा.

मग त्यांनी ते नेहमीसारखं सोडवलं, आणि सुचित्रा नेहमीसारखी रंगली. "पद केवढं आहे ते विचारू नका," ते म्हणाले. "पुढचं पद आधीच्याच्या किती पट आहे ते विचारा. पुढचं भागिले आधीचं. सगळी पदं धन आहेत ना? मग भागायला भिता कशाला?" त्यांनी n च्या जागी n+1 घातला, खाली मूळ पद मांडलं आणि काटायला सुरुवात केली. तीनाच्या घातांतून एक तीन उरला. फॅक्टोरियलमधून n+1 उरला, तो खालच्या (n+1) च्या घाताने एक पायरी उतरून गिळला. शेवटी राहिलं 3 भागिले (1 + 1/n)ⁿ. "हा खालचा गृहस्थ कुठे जातो?"

"e कडे, सर!"

"म्हणजे गुणोत्तर जातं तीन भागिले e कडे." खडू सरसर चालला होता. 3/e लिहून झालं आणि त्याच्या पुढे, हात न उचलता, बाबांनी लिहिलं: < 1. "एकपेक्षा लहान. म्हणजे एका ठिकाणानंतर प्रत्येक पद आधीच्यापेक्षा ठरावीक हिश्शाने घटत जाणार. सीमा शून्य. झालं?"

चाळीस माना डोलल्या. चाळीस पेनांनी शून्य उतरवलं.

सुचित्राने मनात भागाकार केला. e म्हणजे दोन पॉइंट सात एक आठ आणि पुढे काहीबाही. दोन भागिले e एकपेक्षा लहान, बरोबर. पण तीन? तीन e पेक्षा मोठा आहे. गुणोत्तर एकपेक्षा मोठं आहे. पदं घटत नाहीत, वाढतात, आणि वाढतच जातात. सगळं गणित बिनचूक करून बाबा शेवटच्या चिन्हाला चुकले होते. वर्षानुवर्षं तिथे दोन भागिले e यायचं आणि त्याच्या पुढे तेच चिन्ह यायचं. डोक्याने आकडा बदलला, हाताने नाही.

दाराशी उभा राहून गौतम मोबाइलवर सगळं टिपत होता. गौतम पूर्वी बाबांचा विद्यार्थी होता, आता त्यांच्या हाताखाली सकाळची बॅच घ्यायचा आणि गैरहजर पोरांसाठी लेक्चरं क्लासच्या पानावर टाकायचा.

वर्ग सुटल्यावर बापलेक घरी चालत निघाले. बाबा खुशीत होते. "पाहिलंस? एक आकडा बदलला तर पुढच्या बाकाची वाचा गेली. पुढच्या आठवड्यात पाच घालतो."

ती सांगणार होती. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण इतका खूश तो माणूस तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. उद्या सकाळी चहाबरोबर सांगू, ती मनाशी म्हणाली. क्लास पुन्हा शनिवारी आहे. जेवताना बाबांनी बांगड्याचं डोकं तिच्या ताटात टाकलं, आईने त्यावरून त्यांना टोकलं, आणि रात्री ती तिथेच राहिली.

शुक्रवारी सकाळी चहा झाला, पण तो घ्यायला बाबा उठले नाहीत.

*

सुतकात घर माणसांनी भरलेलं असतं आणि त्यातल्या कुणाशीच काही बोलता येत नाही. सुचित्रा चहाचे कप विसळत राहिली. क्लास तेराव्यापर्यंत बंद ठेवायचा, असं गौतमने परस्पर दारावर लिहून लावलं होतं. युनिव्हर्सिटीचा पेपर त्याच्या आधी, सोमवारी होता.

बुधवारी भेटायला आलेल्या कुणीतरी तिला मोबाइल दाखवला. "किती लोकांनी पाहिलंय बघ गं. रडू येतं."

क्लासच्या पानावर तेच लेक्चर होतं. वर फुलांची चौकट, खाली अक्षरं: तुळसकर सरांचं शेवटचं लेक्चर. बाबा डस्टर उचलतात, तीन लिहितात, मिश्कील बघतात. सुचित्राने ते पुरतं पाहिलं. चिन्हापाशी पोचल्यावर तिने श्वास धरला, जणू या वेळी हात थांबेल. थांबला नाही.

खाली श्रद्धांजल्या. देवमाणूस. असे सर होणे नाही. त्यात मध्येच एकाचं लिहिलेलं: "मनवा, लाज वाटते का? सर गेलेत आणि तू त्यांच्या चुका काढतेस?" त्याला अंगठे शंभरावर. पण मनवाने लिहिलं काय होतं ते कुठेच दिसेना.

संध्याकाळी गौतम आला तेव्हा तिने त्याला स्वयंपाकघरात नेलं.

"मनवा कोण?"

"सुचित्राताई, ते सोडा ना. आगाऊ आहे जरा. मी काढून टाकलं ते."

"काय लिहिलं होतं?"

गौतम खाली बघू लागला. "'सर, तीन भागिले e एकपेक्षा मोठं नाही का?'"

"मग? आहे ना?"

"ताई, सर चुकतील?"

"तू गणित शिकवतोस. भाग आणि बघ."

"पण n चा n वा घात खाली आहे," गौतम म्हणाला. स्वतःला पटवल्यासारखा बोलत होता. "त्याच्यापुढे फॅक्टोरियल म्हणजे चिल्लर. शून्यच जायला पाहिजे."

"नुसतं फॅक्टोरियल असेल तर जातंच. तेव्हा गुणोत्तर एक भागिले e होतं. इथे वर तीनाचा घात बसलाय. प्रत्येक पायरीला पद तीनाने गुणलं जातं आणि मग जवळजवळ e ने भागलं जातं. पहिलं पद तीन. दुसरं साडेचार. तिसरं सहा. काढ ना, मोबाइल आहे हातात. दहावं काढ."

गौतमने काढलं. मग पुन्हा एकदा काढून पाहिलं. "एकवीसच्या वर."

"हे शून्याकडे चाललंय?"

"नाही." तो ओट्याला टेकला. "म्हणजे मीही... मी समोर उभा होतो, ताई. मी पण मान डोलावली."

"सगळ्यांनीच डोलावली."

"व्हिडिओ काढून टाकतो. आत्ता. कुणाला काही कळणार नाही."

"आणि वह्यांत उतरवलेल्या शून्याचं काय? सोमवारी पेपर आहे."

"ग्रुपवर टाकतो की उत्तर तपासून घ्या. छपाईची चूक आहे म्हणून."

"फळ्यावर छपाई?"

गौतम चिडला. "मग काय करू? सरांच्या शेवटच्या लेक्चरवर लाल पेन फिरवू? लोक त्यांना देव मानतात, ताई."

"देवाला गणित येण्याची गरज नसते. बाबांना येत होतं." तिचा आवाज चढला नव्हता, पण बाहेरच्या खोलीतली कुजबुज थांबली. "एका मुलीने वर्गात विचारावा तसा सरळ प्रश्न विचारला. तू तो पुसलास, आणि लोकांनी तिला बाबांच्या नावाने जोडे मारले. ते असते तर त्यांनी कुणाला जोडे मारले असते, सांग. शनिवारी क्लास उघडायचा. सगळ्यांना बोलव. मनवाला आधी."

"सुतकात?"

"सुतक मला आहे. पेपर त्यांना आहे."

*

गौतमला गप्प करणं सोपं होतं. खरी अडचण आईची होती.

मालनबाई शनिवारी दुपारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुचित्राने पायात चपला सरकवल्या तसं त्यांनी विचारलं, "खंय चाललंस गो?"

"क्लासला."

"मला सांगून गेला गौतम." बाहेरच्यांसमोर त्या शुद्ध बोलायच्या, लेकीशी भांडतानाही. "फळ्यावर उभी राहून तू सांगणार, माझे बाबा चुकले म्हणून."

"हो."

"एवढ्या वर्षांत हजारो गणितं केली त्यांनी. लोक हेच एक लक्षात ठेवतील. म्हणतील, शेवटी शेवटी डोकं चालत नव्हतं म्हाताऱ्याचं. आधीच शेजारीण विचारत होती, विसरायला लागले होते का. काय सांगू मी तिला?"

सुचित्रा चपला काढून आईसमोर बसली. गौतमशी भांडताना तिला वाटलं होतं की ती बाबांच्या बाजूने भांडतेय. आईही बाबांच्याच बाजूने भांडत होती.

"डोकं चालत होतं, आई," ती शेवटी म्हणाली. "डोकं चालत होतं म्हणून तर आकडा बदलला. नुसता दोनच ठेवला असता तर कधीच चुकले नसते. मरेपर्यंत बरोबर."

"मग कशाला बदलला?"

"मी सांगितलं म्हणून."

आईने तिच्याकडे पाहिलं. सुचित्राने नजर हलवली नाही.

"लपवलं तर काय होईल सांगू? आज ना उद्या कुणीतरी तो व्हिडिओ बघेल, ज्याला भागाकार येतो. तो हसेल. आणि तिथे आपल्यापैकी कुणीच नसेल सांगायला की बाकीचं सगळं गणित किती सुंदर केलंय. शेवटच्या चिन्हापर्यंत एक रेघ चुकलेली नाही, आई. ते मला सांगायचंय. पण ते सांगायचं तर चिन्हही सांगावं लागेल."

"माका तुमचा गणित कळत नाय," आई म्हणाली. भांडण संपलं की त्या मालवणीवर यायच्या. की संपलं नव्हतं, कोण जाणे. "येक सांग. ते असते तर तोंडावर सांगितलं असतंस?"

"शुक्रवारी चहाबरोबर सांगणार होते."

मालनबाई भिंतीचा आधार घेत उठल्या आणि खुंटीवरची साडी ओढली. "थांब. मी पण येते. लोक काय बोलतील ते माझ्यासमोर बोलू देत."

*

चाळिसाच्या वर्गात साठ जण होते. जुनी मुलंही आली होती, नोकरीवाली, टकलं पडलेली; खिडक्यांना टेकून उभी. फळ्याच्या बाजूला बाबांचा फोटो, त्याला हार. मालनबाई पहिल्या बाकावर बसल्या तशी पोरं अंग चोरून सरकली. जिन्याजवळच्या बाकावर एक बारीकशी मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. मनवा तीच असणार.

"गौतम, मोबाइल काढ," सुचित्रा म्हणाली. "हे पण टिपायचंय. त्याच पानावर जाईल, त्याच्याच खाली."

तिने फळ्यावर 3ⁿ · n! / nⁿ लिहिलं. "याचं उत्तर शून्य कुणाकुणाच्या वहीत आहे?"

हात वर झाले. जवळजवळ सगळे.

"ठीक." ती बाबांच्याच पायऱ्यांनी गेली. त्यांनी जिथे n+1 मोठा काढला होता तिथे तिनेही मोठा काढला. काटाकाट केली. 3 भागिले (1 + 1/n)ⁿ. मग 3/e. आणि तिने खडू फळ्यावरून उचलला. "मनवा, पुढे ये."

मुलगी जागची हलेना.

"पुढे ये गो," मालनबाई वळून म्हणाल्या. "खाणार नाही कोण तुला."

मनवा आली. तिने खडू घेतला, फोटोकडे बघायचं टाळलं आणि 3/e च्या पुढे > 1 लिहिलं.

"का?"

"कारण e दोन पॉइंट सातच आहे." आवाज जेमतेम ऐकू येत होता. "भागाकार एक पॉइंट एक शून्य काहीतरी येतो."

"मग पदांचं काय होतं?"

"खालची संख्या e च्या खालूनच चढत येते, म्हणून गुणोत्तर कधीच तीन भागिले e च्या खाली जात नाही. प्रत्येक पद आधीच्यापेक्षा निदान दहाव्या हिश्शाने मोठं. असं वाढत गेलं तर थांबणार नाही. अनंताकडे जातं."

"गुणोत्तराची सीमा एक पॉइंट एक, म्हणून क्रमिकेची सीमा पण तीच, असं नाही ना?"

"नाही, नाही," मनवाला एकदम चेव आला. "ते लिहिलं तर मार्क जातील. गुणोत्तर फक्त दिशा सांगतं. एकपेक्षा लहानाकडे गेलं तर पदं शून्याकडे, एकपेक्षा मोठ्याकडे गेलं तर अनंताकडे."

"आणि बरोब्बर एककडे गेलं तर?" खिडकीतून एक जुना विद्यार्थी म्हणाला. परीक्षा घेतल्यासारखा. "तीनच्या जागी e च घातला तर?"

मनवा अडली. तिने सुचित्राकडे पाहिलं.

"तर ही कसोटी गप्प बसते," सुचित्रा म्हणाली. "एक आलं, यावरून काहीच ठरत नाही. मग गुणोत्तराकडे पुन्हा नीट बघायचं. e भागिले (1 + 1/n)ⁿ, खालची संख्या नेहमी e पेक्षा थोडी कमीच. म्हणजे गुणोत्तर नेहमी एकच्या किंचित वर. पदं वाढतायत एवढं नक्की, म्हणून शून्याकडे जाणार नाहीत. पुढचं वेगळ्या रस्त्याने शोधायचं. पण कसोटी गप्प बसली म्हणून आपण उत्तर बनवायचं नाही."

पेनं चालू लागली. सुचित्राने क्षणभर तो आवाज ऐकला.

"तर वहीतलं शून्य खोडा. नीट, एका रेघेने. फाडू नका, खाली काय होतं ते दिसू दे."

"ताई," खिडकीतला तो जुना विद्यार्थी पुन्हा बोलला. या वेळी आवाज बदललेला होता. "मुलांना बरोबर सांगितलंत, चांगलं केलंत. पण एवढा बोभाटा करायची गरज होती का? सरांनी घाईत लिहिलं असेल. असं म्हणा ना की त्यांना मुद्दाम मुलांची परीक्षा घ्यायची होती. सगळ्यांचं समाधान होईल. त्यांचा फोटो समोर आहे, ताई. त्यांच्या फोटोसमोर तरी..."

वर्ग थांबला. गौतमचा मोबाइल थोडा खाली आला. किती सोपं होतं ते. मुद्दाम. एका शब्दात बाबा पुन्हा कधीच न चुकलेले झाले असते. आईची शेजारीण गप्प झाली असती. आणि मनवा सरांच्या सापळ्यात न सापडलेली हुशार मुलगी ठरली असती, बस. सुचित्राने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली नाही, होकाराचीही नाही आणि नकाराचीही नाही. नुसती लेकीकडे बघत राहिली.

"मोबाइल वर धर, गौतम," सुचित्रा म्हणाली. "मुद्दाम नव्हतं ते. मी इथेच, त्या शेवटच्या बाकावर बसले होते. खोटं बोलून मी त्यांना मोठं करणार नाही. ते तसे बरेच मोठे आहेत."

ती फोटोकडे वळली. साठ जणांकडे तिची पाठ झाली. हाराच्या आतून बाबा तेच मिश्कील बघत होते, आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे कठीण होतं. ती एक पाऊल पुढे झाली आणि मग, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली,

"बाबा, तुम्ही चुकलात."